छपाईआधीचे वाचक: हिशेबाच्या एका पुस्तकाचं प्रकरण

पुस्तक गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदारासाठी होतं. लेखक शासनाच्या नामतालिकेवरचे लेखापरीक्षक. उभी हयात सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात गेली, आता निवृत्त होऊन डोंबिवलीत असतात. कल्याण-डोंबिवली-ठाण्याकडच्या समित्यांसाठी ते संध्याकाळच्या कार्यशाळा घेतात. तिथे हजेरीच्या कागदावर एक वेगळा रकाना होता, 'पुस्तकाची माहिती हवी'. त्यात खूण करून ईमेल देणारे पावणेदोनशेच्या आसपास लोक जमले होते. हस्तलिखित पूर्ण झालं होतं, पहिलं संपादन मी केलं होतं, पानांची मांडणी सुरू व्हायची होती. सरांना या लोकांना दोन गोष्टी कळवायच्या होत्या: पुस्तक येतंय, आणि तुमच्यापैकी काहींनी ते आधी वाचून द्या.

त्यांनी लिहून आणलेला मसुदा आपल्याकडे शंभर ठिकाणी सापडेल असाच होता.

> सस्नेह नमस्कार. आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमचे बहुप्रतीक्षित पुस्तक लवकरच वाचकांच्या भेटीस येत आहे. प्रकाशनपूर्व सवलतीचा लाभ घ्यावा. तसेच सोबत जोडलेले हस्तलिखित वाचून आपला बहुमोल अभिप्राय व सूचना कळवाव्यात, ही नम्र विनंती.

खाली मूळ किंमत, सवलतीची किंमत, बँकेचा खाते क्रमांक आणि दिवाळीच्या शुभेच्छा. सोबत सबंध हस्तलिखिताची वर्ड फाइल.

या मसुद्यात भाषेपेक्षा कामाचा गोंधळ मोठा होता. एकाच पत्रात माणसाला गिऱ्हाईक केलं होतं आणि मदतनीसही. किंमत आणि खाते क्रमांक दिसला की वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती जाहिरात होते, आणि जाहिरातीच्या तळाशी असलेली 'वाचून द्या' ही विनंती कुणी मनावर घेत नाही. ज्याने पैसे भरले त्याला वाटतं, मी पुस्तक घेतलंय, आता तपासूनही मीच द्यायचं का? ज्याने भरले नाहीत तो संकोचाने गप्प बसतो. सवलतीची नोंदणी ही मराठी प्रकाशनातली जुनी आणि चांगली रीत आहे, पण तिची वेळ शेवटची प्रुफं हातात आल्यावरची. तेव्हा पानं ठरलेली असतात, कागदाचा भाव घेतलेला असतो आणि किंमत खरी असते. आता छापलेली किंमत अंदाजाची होती. ती पुढे वाढली असती तर पहिल्याच पत्राने शब्द मोडला असता.

दुसरी अडचण 'बहुमोल अभिप्राय'. अभिप्राय मागितला की अभिप्रायच येतो: 'अतिशय उपयुक्त', 'भाषा ओघवती', 'प्रत्येक सोसायटीत असावं असं'. मलपृष्ठावर छापायला ठीक, पण अशा ओळींवरून हस्तलिखितात एक शब्दही बदलता येत नाही. सरांच्या मनात जी यादी होती तीही या जातीची होती. फेडरेशनचे पदाधिकारी, एक निवृत्त उपनिबंधक, वर्तमानपत्रात सदर लिहिणारे एक वकील. मी म्हटलं, या मंडळींना जरूर लिहू, पण ते पत्र वेगळं आणि वेळही वेगळी. मजकूर कायद्याच्या बाजूने बरोबर आहे का, हे दुसऱ्या एखाद्या लेखापरीक्षकाने मानधन घेऊन तपासायचं काम आहे. ते फुकटच्या वाचकांच्या गळ्यात घालू नये, त्यांना ते जमणारही नाही. पहिल्या वाचकांकडून आपल्याला एकच कळायला हवं: गेल्या वर्षी गळ्यात खजिनदारकी पडलेला माणूस हे पुस्तक उघडून शेजारी ठेवेल, तेव्हा त्याचं बिल बरोबर निघेल का?

"मॅडम, म्हणजे परीक्षाच घ्यायची म्हणता."

परीक्षाच, पण पुस्तकाची.

त्यासाठी सगळं हस्तलिखित पाठवायची गरज नव्हती. मासिक बिलाचं चौथं प्रकरण निवडलं, कारण सोसायटीत भांडणं तिथेच होतात. त्यात सरांनी एक नमुना बिल दिलं होतं. मालमत्ता कर ९०० रुपये, पाणीपट्टी ३००, सिंकिंग फंड २५०, दुरुस्ती निधी ७५०, सेवाशुल्क २०००, एकूण ४२००. प्रश्न असा की, या सदस्याने फ्लॅट भाड्याने दिला तर, तो स्वतः तिथे राहत नाही म्हणून, त्याला दरमहा बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त किती लावता येईल? मूळ हस्तलिखितात पुढच्याच परिच्छेदात उत्तर होतं. वाचकांच्या प्रतीतून ते काढून टाकलं आणि तिथे मोकळी चौकट ठेवली.

मग पत्र नव्याने लिहिलं. शेवटी गेलं ते असं:

> विषय: सोसायटीच्या बिलावरचं एक प्रकरण वाचून, एक हिशेब करून द्याल का?
>
> नमस्कार,
>
> कार्यशाळेत तुम्ही 'पुस्तकाची माहिती हवी' या रकान्यात खूण करून पत्ता दिला होता, म्हणून हे पत्र. सोसायटीच्या खजिनदाराला वर्षभर लागणाऱ्या कामांवरचं पुस्तक मी लिहून पूर्ण केलं आहे. ते छपाईला जाण्याआधी त्यातलं बिलाचं प्रकरण काही खजिनदारांनी वापरून बघावं, अशी माझी इच्छा आहे.
>
> प्रकरण अठरा पानांचं आहे, तासाभरात वाचून होईल. मध्ये एक नमुना बिल आहे. त्यावरून एक रक्कम काढायची आणि कशी काढली ते दोन ओळींत लिहायचं. उत्तर चुकलं तर दोष माझ्या लिहिण्याचा धरेन. वाचताना जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, तिथला पान आणि ओळ क्रमांक कळवा. शुद्धलेखन बघू नका, ते काम वेगळं चालू आहे.
>
> तयार असाल तर येत्या रविवारपर्यंत दोनच गोष्टी कळवा: समितीत कधीपासून आहात, आणि सोसायटीचं बिल कोण बनवतं, तुम्ही स्वतः, सॉफ्टवेअर की बाहेरचा अकाउंटंट? प्रकरण सगळ्यांना एकदम पाठवणार नाही. काहींना आत्ता, काहींना दुरुस्तीनंतर. हाती पडल्यापासून दोन आठवडे मिळतील.
>
> तुमच्या सोसायटीचं बिल दाखवायचं असेल तर सदस्याचं नाव आणि फ्लॅट नंबर झाकून पाठवा. वाचून देणाऱ्यांना पुस्तकाची छापील प्रत घरपोच मिळेल. आभारात नाव छापू का, हे त्या वेळी विचारेन. वेळ नसेल तर उत्तर देऊ नका, चालेल. पुस्तक निघालं की एकदा कळवेन.

पत्रात प्रकाशनाची तारीख नाही, हे मुद्दाम. 'लवकरच' हा शब्दही नाही. 'छपाईला जाण्याआधी' यात जेवढं ठरलेलं आहे तेवढंच आलं.

पाठवायची वेळ ठरवताना खजिनदाराचं वर्ष बघावं लागलं. मार्चअखेर हिशेब बंद करायचे, एप्रिल ते जुलै लेखापरीक्षकामागे धावायचं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची, मग दिवाळी. या काळात कुणाकडे तासभर मागितला तर तो मिळत नाही आणि मिळाला तरी घाईचा मिळतो. पत्र दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी पाठवलं.

प्रतीच्या रूपावरही थोडं घासून काम करावं लागलं. सरांचं हस्तलिखित त्यांच्या ओळखीच्या डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलं होतं. अशी वर्ड फाइल ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याच्याकडे उघडली की मराठीच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून पीडीएफच केली. पान ए-५ आकाराचं आणि अक्षर मोठं ठेवलं, कारण निम्मे वाचक ते मोबाइलवर वाचणार, आणि त्यातले बरेचसे साठीच्या पुढचे. समासात ओळींचे क्रमांक टाकले. वर्डमध्ये पानाच्या मांडणीतच ती सोय असते, दोन क्लिकचं काम, पण फरक मोठा पडतो. 'ते पाण्याचं जिथे आलंय ना, तिथे जरा' असं यायच्या ऐवजी 'पान ११, ओळ ६' असं येतं.

सरांना धास्ती होती की फाइल सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरेल. ती फिरणार हे धरूनच चालावं. लेखन झाल्या क्षणी कायद्याने त्याचा स्वामित्वहक्क लेखकाकडे असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, हे खरं. पण एका प्रकरणासाठी कुणी कोर्टात जात नाही. तळटिपेच्या जागी वाचकाचं नाव आणि 'छपाईपूर्व मसुदा, संदर्भासाठी वापरू नये' एवढी ओळ टाकली. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा: अपुरा मजकूर कुणी सभेत पुरावा म्हणून नाचवायला नको.

पत्राला आलेल्या होकारांतून पहिल्या तुकडीसाठी बारा जण निवडले. समितीत कधीपासून आहात आणि बिल कोण बनवतं, हे दोन प्रश्न इथे कामाला आले. होकार देणाऱ्यांत बहुसंख्य मुरलेले खजिनदार होते. हे होणारच, ज्याला विषयाची आवड आहे तोच हात वर करतो. पण मुरलेल्या खजिनदाराला बिनभोगवटा शुल्काचा नियम तोंडपाठ असतो. तो बरोबर उत्तर देतो ते पुस्तक न वाचताही दिलं असतं, आणि आपण मात्र समजतो, प्रकरण छान जमलंय. म्हणून बारांत आठ जण वर्षाच्या आतले घेतले आणि उत्तराच्या चौकटीखाली एक प्रश्न वाढवला: हा नियम आधी माहीत होता का? 'हो' लिहिणाऱ्यांची उत्तरं या कामापुरती बाजूला ठेवायची.

बारांपैकी दहा जणांनी प्रकरण परत पाठवलं. एकच आठवण केली होती, मुदतीच्या दोन दिवस आधी. त्यानंतर कुणाच्या मागे लागलो नाही.

बरोबर उत्तर २०० रुपये. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नसतात. सेवाशुल्क २०००, त्याचे १० टक्के २००. ज्यांना नियम आधी माहीत होता त्या सगळ्यांचं उत्तर तेच आलं. ज्यांना माहीत नव्हता त्यांच्यापैकी एकाचंच बरोबर. दोघांनी ४२० लिहिले होते, बाकीच्यांनी ३३०.

४२० समजण्यासारखं आहे. सबंध बिलाचे १० टक्के, आणि कितीतरी सोसायट्यांत आजही तेच चालतं. पण ३३० कुठून आले? त्यांनी लिहिलेल्या दोन ओळी नसत्या तर हे कधीच कळलं नसतं. '४२०० मधून कर ९०० वजा, उरले ३३००, त्याचे १० टक्के.' सरांचं वाक्य असं होतं: 'सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, महापालिकेचे कर वगळून, हे शुल्क आकारता येते.' शासनाच्या आदेशाची शब्दरचना तशीच आहे, म्हणून कायद्याच्या नजरेने वाक्यात खोट काढता येत नाही. पण नवख्या माणसाने त्यातलं 'कर वगळून' एवढंच उचललं. त्याच्या मते ज्यातून कर वगळायचा ते म्हणजे बिल. सेवाशुल्क हे बिलातलं एक स्वतंत्र शीर्ष आहे, वॉचमन-सफाईवाल्याचा पगार, छपाई-स्टेशनरी, लेखापरीक्षणाची फी असले खर्च त्यात येतात, हे सरांनी सहा पानं आधी सांगितलं होतं. तोवर ते वाचकाच्या मनातून गेलं होतं, कारण बोलीभाषेत आपण सगळ्या बिलालाच 'मेंटेनन्स' म्हणतो.

गंमत म्हणजे, या वाक्याबद्दल एकानेही तक्रार केली नव्हती. पान आणि ओळ क्रमांकांच्या यादीत ते कुठेच नव्हतं. चुकणाऱ्याला आपण चुकतोय हे जाणवत नसतं, त्यामुळे तो अडखळतही नाही. 'काही अवघड वाटलं का?' असं विचारलं असतं तर सगळ्यांनी 'नाही' म्हटलं असतं आणि पुस्तक तसंच छापलं गेलं असतं.

सरांचा पहिला प्रतिसाद ठरलेला होता: "आदेशातलं वाक्य मी बदलणार नाही. उद्या कुणी दावा लावला तर?" म्हणून आदेशातलं वाक्य चौकटीत जसंच्या तसं ठेवलं आणि त्याआधी साधं वाक्य घातलं: 'बिलात सेवाशुल्क या शीर्षासमोर जी रक्कम आहे, फक्त तिचे १० टक्के काढा. बाकीची शीर्षं, मग ती कर असोत, पाणी असोत वा निधी, या हिशेबात येत नाहीत.' शेजारी तेच बिल छापून चार ओळी फिकट केल्या आणि एक ठळक ठेवली. शिवाय सदस्याचे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर हे शुल्क लागत नाही, हा तळटिपेतला मजकूर वर आणला, कारण तिघांनी तोच प्रश्न विचारला होता.

बाकीच्या सूचनांसाठी आम्ही साधा तक्ता केला: पान, ओळ, काय म्हणणं आहे, किती जणांचं. वाचण्यात अडथळा येतो असं एकट्यानेच म्हटलं तर नुसती नोंद. दोघांनी म्हटलं तर वाक्य पुन्हा लिहायचं. वस्तुस्थितीच्या चुकीला मात्र एक जण पुरतो. कल्याणच्या एका खजिनदारांनी विचारलं होतं, पाण्याचा खर्च नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायचा हे कळलं, पण आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरचं, त्याचं बिल कुठल्या शीर्षात धरू? प्रकरणात टँकर हा शब्दच नव्हता. त्या भागातल्या खजिनदारासाठी लिहिलेल्या पुस्तकात तो नसावा हे फारच झालं. अर्धं पान वाढवलं. उलट चौघांनी पुनर्विकासावर प्रकरण मागितलं होतं. ते घेतलं नाही. तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे, आणि चार पानांत उरकला तर वाचकाला अर्धवट धीर येतो, जो तिथे महागात पडतो.

आभारात नाव छापण्याबद्दल विचारलं तेव्हा दहांपैकी तिघांनी नको म्हटलं. एका बाईंचं कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: पान १४ वरचं थकबाकीचं उदाहरण त्यांच्या सोसायटीतल्या एका प्रकरणाशी हुबेहूब जुळत होतं. सरांनी ते बेतलं दुसरीकडूनच होतं, पण बाईंचं नाव मागे छापलं असतं तर त्यांच्या इमारतीत कुणी विश्वास ठेवला नसता. उदाहरणातला मजला आणि रक्कम बदलली.

आता दुरुस्त केलेलं प्रकरण बरं झालं की नाही, हे त्याच दहा जणांना विचारून कळणार नव्हतं. त्यांना उत्तर माहीत झालं होतं. पत्रातलं 'काहींना दुरुस्तीनंतर' हे वाक्य यासाठीच होतं. होकार आलेल्यांतले सहा नवखे आम्ही मुद्दाम राखून ठेवले होते. सरांना ते तेव्हा पटलं नव्हतं. एवढे लोक तयार आहेत तर सगळ्यांना का पाठवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पण न वाचलेला वाचक एकदाच वापरता येतो.

राखीव सहा जणांना नवं प्रकरण गेलं. सगळ्यांनी पाठवलं. पाच जणांचं उत्तर २००. सहावे गृहस्थ ठाण्याचे, त्यांनीही हिशेबात २०० काढले होते, पण चौकटीत ४२० लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. खाली खुलासा: आमच्याकडे सबंध बिलाचे १० टक्के घेतात, माझ्या आधीपासून. हे वाचल्यावर आता मी काय करू?

याचं उत्तर प्रकरणात नव्हतं आणि ते असायला हवं होतं, कारण पुस्तक विकत घेणाऱ्या बऱ्याच खजिनदारांना तोच प्रश्न पडणार. सरांनी परिच्छेद लिहिला: बिलाचा आकडा स्वतःच्या अखत्यारीत गुपचूप बदलू नका, आधी समितीच्या सभेत आदेशाच्या प्रतीसह विषय मांडा, इतिवृत्तात नोंद घ्या, आणि जादा घेतलेल्या रकमेचं काय करायचं ते लेखापरीक्षकाला लेखी विचारा. मांडणी झाल्यावर पुस्तक बारा फर्म्यांचं, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या हिशेबाने १९२ पानांचं भरलं; शेवटी दोन पानं कोरी उरत होती, त्यामुळे या परिच्छेदासाठी फर्मा वाढवावा लागला नाही. किंमत त्या आठवड्यात ठरली, आणि सवलतीच्या नोंदणीचं पत्र, खाते क्रमांकासह, त्यानंतर पाठवलं.